नागवेकरांच्या घरी न पोचलेलं पत्र

नागवेकर गेल्याचं मला कळलं ते मोबाईलवर, बँकेच्या ग्रुपमध्ये. अलोऱ्याच्या आमच्या शाखेत सकाळची कॅश उघडायची वेळ होती. कोणीतरी त्यांचा फोटो टाकला होता, वार्षिक सभेतला, गळ्यात ओळखपत्र लटकतंय, डोळे अर्धवट मिटलेले, आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. मला आधी वाटलं, दुसरंच कोणीतरी गेलंय आणि ते नागवेकरांनी कळवलंय. कारण आमच्या बँकेत कोणी गेलं की पुढचं सगळं नागवेकरांकडूनच यायचं. मी तो फोटो दोनदा मोठा करून पाहिला. मग एकामागून एक हात जोडलेली चित्रं येत राहिली, येतच राहिली, आणि मी कॅशियरला किल्ली देऊन चिपळूणची गाडी पकडली. त्यांच्या गावी, मालगुंडला पोचेपर्यंत दुपार टळली होती. माझ्यासाठी थांबले होते असं नाही, पण लाकडं ओली होती म्हणून उशीर झाला होता, त्यामुळे चेहरा तेवढा दिसला. सकाळी अंगणात स्कूटरला किक मारताना छातीत कळ आली आणि तिथेच बसले, ते उठले नाहीत. हेल्मेट अजून पायरीवर होतं.

श्रीधर नागवेकर आमच्या सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात आस्थापना विभागात होते. आस्थापना म्हणजे नेमणुका, बदल्या, रजा, सेवापुस्तकं. रोज मालगुंडहून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीला यायचे आणि त्या रस्त्यावर जन्म गेला तरी समुद्राकडे बघायला कधी थांबले नसतील. मी नोकरीला लागले तेव्हा माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. माणूस तसा किरकिऱ्या. चहा गार झाला तरी तक्रार, गरम असला तरी तक्रार. माझ्या अक्षरावर त्यांनी जितके टोमणे मारले तितके माझ्या सासूनेही मारले नाहीत. वरिष्ठांपुढे आवाज चढायचा नाही, पण एखाद्या कागदावर सही करायची नाही असं ठरवलं की तो कागद त्यांच्या टेबलावर पिवळा पडायचा. मला ते आवडायचे. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्यांनी त्यातही काहीतरी खोट काढली असती.

पण एका कामात नागवेकर वेगळेच व्हायचे. सेवेत असताना कोणी कर्मचारी गेला की त्याच्या घरी बँकेचं शोकपत्र जातं. सगळ्याच कार्यालयांतून जातं म्हणा, छापील मजकूर, नावाची जागा रिकामी. नागवेकरांना तो छापील मजकूर दिसला की कपाळाला आठी पडायची. शाखेकडून निधनाची टिपणी आली की ती आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या वहीत, चढायची आणि कोपऱ्यात ‘आस्था./ना.’, म्हणजे आस्थापना, नागवेकर, अशी खूण होऊन त्यांच्या ट्रेमध्ये पडायची. मग ते सेवापुस्तक काढायचे. वारसाचं नाव बघायचे, पण तेवढ्यावर भागवायचे नाहीत. शाखेत फोन लावून विचारायचे, घरात आता मोठं कोण आहे, पत्र कोणाच्या नावे गेलेलं बरं, बायकोचं नाव सेवापुस्तकात आहे तेच घरात चालतं का. गेलेल्या माणसाबद्दल एक तरी खरी गोष्ट मिळाल्याशिवाय ते लिहायला बसायचे नाहीत. ‘कर्तव्यदक्ष’, ‘मनमिळाऊ’ हे शब्द त्यांना वर्ज्य. त्यापेक्षा ‘पावसात पूल बंद असताना ते चालत शाखेत आले होते, हे आमच्या लक्षात आहे’ असं लिहायचे. मरणाचं कारण लिहायचं नाही. घरच्यांना विचारल्याशिवाय देवाचं नाव घालायचं नाही, कारण आमच्याकडे नागवेकर आहेत तसे काझीही आहेत. वर ‘विषय’ नाही, ‘संदर्भ’ नाही, आणि जावक क्रमांक फक्त कार्यालयीन प्रतीवर. अध्यक्षांची सही शाईची हवी, शिक्का नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या पत्रात देण्याघेण्याचा एक शब्द नाही. भविष्य निर्वाह निधी, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, विमा, त्याचे अर्ज वेगळ्या पाकिटात, लेखा विभागाकडून, दिवसकार्य उरकल्यावर. ते पाकीट आधी आणि पत्र नंतर, असं कधी होऊ द्यायचे नाहीत. लेखा विभागाशी त्यांची यावरून वर्षानुवर्षं धुसफूस. पत्र पोस्टाने पाठवायचं नाही, गेलेल्या माणसाबरोबर काम केलेल्या कोणीतरी हाताने न्यायचं आणि कोणी म्हटलंच तर वाचून दाखवायचं. हे कुठून आलं असं मी एकदा विचारलं. त्यांचे वडील, आप्पा, परदेशी जाणाऱ्या बोटीवर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. बोटीवर कोणी खलाशी गेला की त्याची पेटी आणि कंपनीचा कागद घेऊन आप्पा सुट्टीवर आल्याबरोबर त्याच्या गावी जायचे. लहानपणी एकदोनदा नागवेकर त्यांच्याबरोबर गेले होते. पेटी उघडायला घरच्यांना वेळ लागायचा, पण कागद लगेच मागायचे, एवढंच त्यांनी सांगितलं आणि माझ्या टिपणीतली चूक काढायला घेतली.

त्यांच्या खणात एक पाकीट होतं. बंद, बँकेचं, कोपरे मऊ झालेलं. आमच्या एका शाखेतले रोखपाल निलंबित असताना गेले होते. रोख कमी आली होती आणि चौकशी चालू होती. नागवेकरांनी नेहमीसारखं पत्र तयार केलं. साहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी, ते अडवलं. चौकशी प्रलंबित असताना बँकेने दुःख व्यक्त केलं तर उद्या कोर्टात आपलेच शब्द आपल्या अंगावर येतील, असं त्यांचं म्हणणं. नागवेकर म्हणाले की हे दुःखाचं पत्र आहे, वर्तणुकीचा दाखला नाही. ते काही चाललं नाही. संचालक मंडळाच्या सभेत दुखवट्याचा ठरावही झाला नाही. नागवेकर रिकाम्या हाताने त्या घरी जाऊन बसून आले. पुढे चौकशी संपली, चूक भलत्याचीच निघाली, आणि मग पत्र गेलं. रोखपालांच्या बायकोने ते न फोडता परत पाठवलं. तेच ते पाकीट. मला त्यांनी ते काम शिकवताना दाखवलं होतं. तेव्हापासून मात्र आमच्या बँकेत, आणि बँकेच्या लोकांच्या गावागावांत, एक गोष्ट बोलली न जाता पक्की झाली. घरी पत्र आलं नाही, म्हणजे माणसाची काहीतरी भानगड होती.

नागवेकर गेल्यावर मी अलोऱ्याला परतले. त्यांची बायको वनिता हिला मधूनमधून फोन करत होते. त्यांना मूलबाळ नव्हतं, घरात आता ती आणि आप्पा दोघंच. आप्पांचे डोळे मोतीबिंदूने गेल्यात जमा, कानही कमी. काय बोलायचं ते सुचायचं नाही, जेवलीस का, आप्पा जेवले का, एवढ्यावर फोन संपायचा. पत्राचं माझ्या मनातही आलं नाही. ते गेलं असणारच, असं मी धरून चालले होते. नंतर कळलं की प्रत्येकानेच तसं धरलं होतं. कार्यालयातले लोक दोघंदोघं करून मालगुंडला जाऊन आले होते, चहा घेऊन, थोडं बसून, उठून. ग्रुपवर हात जोडून झाले होते.

मग एका संध्याकाळी वनिताचाच फोन आला. बोलायला लागेचना. मी म्हटलं, काय झालं, आप्पा बरे आहेत ना? तर म्हणाली, “शोभाताई, खरं सांगा हां... ह्यांच्यावर काही चौकशी बसली होती काय?”

मला क्षणभर समजलंच नाही ती काय विचारतेय. मग तिने सगळं सांगितलं. बँकेकडून एकच पाकीट आलं होतं. लेखा विभागाचं. वेळेवर, तत्परतेने. त्यात अर्ज, आणि वरच्या पत्रात ‘मयत कर्मचारी’, पुढे नाव, पुढे क्रमांक. आणि खाली एक वाक्य, जे प्रत्येक अशा पत्रात असतं, की मयत कर्मचाऱ्याकडून बँकेचे काही येणे असल्यास ते वळते करून घेण्यात येईल. ते तिने आप्पांना वाचून दाखवलं होतं. शेजारचे एकजण तिथेच होते. ते नंतर दुकानावर काय बोलले देव जाणे. दहावा झाला, तेरावा झाला, पत्र आलं नाही. नागवेकरांनी इतक्या घरी नेलेलं पत्र त्यांच्याच घरी आलं नाही. आप्पा रोज दुपारी व्हरांड्यात बसायचे, गाडीचा आवाज आला की मान वर करायचे. पुढे बसायचे बंद झाले. देवळात जायचे, तेही बंद केलं. आणि एक दिवस त्यांनी सुनेला समोर बसवून विचारलं, त्याने काय केलान?

“मग तू काय सांगितलंस?” मी विचारलं.

फोन तसाच चालू राहिला... मला तिच्या घरातल्या भांड्याचा आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी रत्नागिरीला मुख्य कार्यालयात गेले. डोक्यात राग होता. म्हटलं, नक्की साहेबांनीच अडवलं असणार, कशावरून तरी. पण साहेबांना धड आठवतही नव्हतं. सभेत दुखवट्याचा ठराव झालाय, सगळे दोन मिनिटं उभे राहिलो होतो, पत्र गेलं असेल ना, असं ते मलाच विचारू लागले. ठराव झाला होता हे खरं. इतिवृत्तात शेवटी लिहिलेलं होतं, ‘कुटुंबीयांस कळवण्यात यावे. कार्यवाही : आस्थापना.’ मी आस्थापनेत गेले. नागवेकरांचं टेबल कोणीतरी पुसून ठेवलं होतं. पेनस्टँड, पाण्याची बाटली, खुर्चीवर घडी घातलेला टॉवेल. आणि ट्रेमध्ये कागद. अगदी खाली त्यांच्याच निधनाची टिपणी, मृत्यू दाखल्याची प्रत जोडलेली. कोपऱ्यात आवकच्या क्लार्कच्या अक्षरात ‘आस्था./ना.’ त्यावर ठरावाची प्रत, तिच्यावरही ‘आस्था./ना.’ त्यावर वनिताचा एक साधा अर्ज, शोकपत्राबद्दल विचारणा करणारा, लाजत लाजत लिहिलेला. त्यावरही तीच खूण.

मी आवकच्या क्लार्कला, सावंतला, बोलावलं. तो बघत राहिला. बारनिशीत नोंद करताना त्याचा हात नेहमीच्या सवयीने चालला होता. निधनाचा कागद म्हणजे नागवेकर, यात विचार करण्यासारखं त्याला काही वाटलंच नव्हतं. त्या माणसाच्या तिरडीला त्याने खांदा दिला होता. “मॅडम, मी नाव वाचलं होतं,” तो म्हणाला, “पण खूण तीच केली.” आणि मग टेबलाला पाठ करून उभा राहिला. त्यांच्या जागी कोणालाच नेमलेलं नव्हतं, कारण कार्यभार कोणाकडे द्यायचा याचा आदेश निघाला नव्हता, आणि असे आदेश तयार करायचे नागवेकर. मी हसले. खरंच हसले, आणि मग त्यांच्या खुर्चीत बसून ट्रेमधले ते तिन्ही कागद उचलले.

साहेब वाईट माणूस नाही. घाबरला होता. म्हणाला, आत्ताच्या आत्ता पत्र काढू, मागची तारीख घाला, जावकमध्ये मधला एखादा क्रमांक मोकळा ठेवलेला असतोच. घरी सांगायचं, पोस्टात गहाळ झालं होतं, दुसरी प्रत आणली. ऐकायला बरं होतं. कोणाचंच नुकसान नव्हतं. मी अडले ती खोटं बोलायचं नाही म्हणून नव्हे, मला वेळप्रसंगी बोलता येतं. पण बँकेचं शोकपत्र कधी पोस्टाने जात नाही हे मालगुंडच्या त्या घराइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आप्पांनी एका प्रश्नात ते पकडलं असतं, आणि मग त्यांच्या मनातला संशय कायमचा पक्का झाला असता. मी साहेबांना म्हटलं, तारीख आजची, आणि उशीर का झाला तेही पत्रात येणार. ते म्हणाले, अशी कबुली लेखी द्यायची पद्धत नाही. मी म्हटलं, मग अध्यक्षांना सांगा, मी सही मागायला त्यांच्या घरी जाते. संध्याकाळपर्यंत सही मिळाली. शाईची.

पत्र लिहायला मला अख्खा दिवस लागला. त्यांच्याबद्दलची खरी गोष्ट कोणती लिहायची? चहाची? पिवळ्या पडलेल्या कागदांची? शेवटी लिहिलं ते असं : ‘या बँकेतील जे कर्मचारी सेवेत असताना गेले, त्यांच्या घरी गेलेले आमचे पत्र श्रीधर नागवेकर यांनी लिहिले. त्यांच्या निधनाचा कागद नेहमीप्रमाणे त्यांच्याच टेबलावर ठेवला गेला आणि तेथेच राहिला. त्यामुळे हे पत्र आपणांस उशिरा मिळत आहे. त्यांच्या कामात अथवा वर्तनात कोणतीही उणीव हे त्याचे कारण नाही. चूक आमची आहे.’ पत्र कोणाच्या नावे? वारस म्हणून वनिताचं नाव होतं. पण मी विचारलं असतं तर नागवेकरांनी काय सांगितलं असतं ते मला ठाऊक होतं. मी दोघांचीही नावं घातली, आधी आप्पांचं.

सावंत म्हणाला, मी येतो. गाडी त्यानेच चालवली. पत्र माझ्या पर्समध्ये होतं आणि मला राहून राहून खणातलं ते मऊ कोपऱ्यांचं पाकीट आठवत होतं. वनिताने दार उघडलं. तिची तब्येत पार खालावली होती. भिंतीवर नागवेकरांचा फोटो नव्हता. चौकोनी, जरा फिकट जागा तेवढी होती. माझी नजर तिकडे गेलेली तिने पाहिली आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेली.

आप्पा आतल्या खोलीत कॉटवर बसून होते. मी कानाशी वाकून सांगितलं, मी शोभा, बँकेतली, पत्र आणलंय. त्यांनी मान वर केली. मग हात पुढे केला. पाकीट बोटांनी चाचपलं, माझ्याकडे परत दिलं. “वाच,” म्हणाले. मी मोठ्याने वाचलं. शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, मुद्दाम. शेवटपर्यंत ऐकून ते म्हणाले, “तारीख कुठली घातलीस गो?”

मी सांगितली. त्या दिवसाची.

त्यांनी मान हलवली. “म्हणजे ह्याच्या मरणाचा कागद ह्याच्याच टेबलावर ठेवलान...” दारात उभा असलेला सावंत खाली बघत होता. “बोटीवरला खलाशी गेला तरी कागद मी पोचवला. माझ्या पोराचा नाय पोचला.” त्यात राग नव्हता, नुसतं सांगणं होतं. मग वनिताने तांब्या ठेवला त्या आवाजाच्या दिशेने त्यांनी मान वळवली. “वनिता. त्याने काय केलान नाय. ऐकलंस?”

“मला माहीत होतं, आप्पा,” वनिता म्हणाली.

निघताना ती अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत सोडायला आली. सावंत पुढे जाऊन गाडी वळवत होता. तिने गडग्याच्या चिऱ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला माहीत नव्हतं, शोभाताई. एवढे दिवस मी त्यांना चोर समजत होते. फोटो मीच काढला. आप्पांनी नाही.” पत्रात याच्यासाठी वाक्य नव्हतं, आणि नागवेकर असते तरी त्यांना ते सुचलं असतं असं मला वाटत नाही. मी तिचा हात धरून उभी राहिले. सावंतने हॉर्न वाजवला नाही.

आता मला मुख्य कार्यालयात परत आणलंय. नागवेकरांची खुर्ची, नागवेकरांचा ट्रे. खणातलं पाकीट मी हलवलेलं नाही, त्याच्याखाली त्यांच्या स्वतःच्या पत्राची कार्यालयीन प्रत काही दिवस ठेवली होती, मग नियमाप्रमाणे ती सेवापुस्तकात शेवटचं पान म्हणून लावली. मालगुंडला फोन करते. फोटो परत लावला का, हे अजून विचारलेलं नाही. गेल्या आठवड्यात आमच्या एका शाखेतला शिपाई गेला. टिपणी माझ्या ट्रेमध्ये आली, कोपऱ्यात सावंतच्या अक्षरात खूण होती, ‘आस्था./ना.’ त्याच्या लक्षात आलं तसा तो धावत परत आला, पेन काढून. मी म्हटलं, राहू दे. आणि शाखेला फोन लावला, घरात आता मोठं कोण आहे ते विचारायला.